कॅप बसवण्याआधी हिरडी आणि हाड का कापतात?

दाढ तुटली की आपल्या घरांत दोनच वाटा माहीत असतात. एक तर ती काढून टाकायची, नाहीतर पैसे जमवून रूट कॅनाल करायचे आणि वर कॅप बसवायची. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी पायरी असते. ती डॉक्टरांनी सुचवली की पहिला विचार संशयाचा येतो. "तुटलाय दात, मग हिरडी कशाला कापायची? हाड कशाला घासायचं? बिल वाढवायचं का?"

हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने प्रत्येक खर्चाचे कारण विचारलेच पाहिजे. पण उत्तर माहीत नसले की आपले दोन्हीकडून नुकसान होते. वाचू शकणारा दात आपण काढून टाकतो, किंवा तयारी न करता घाईने कॅप बसवून घेतो आणि वर्षभरात ती हातात येते. आमचे मत असे की, हिरडीपर्यंत तुटलेल्या दाताचा निर्णय घाईने किंवा भीतीने होऊ नये. तो मिलिमीटर मोजून व्हावा. ते मोजमाप काय असते, हे आपल्याला कळले तर डॉक्टरांशी बरोबरीने बोलता येईल. म्हणून हा लेख.

दात लांब होत नाही, उघडा होतो

या शस्त्रक्रियेला क्राउन लेंथनिंग म्हणतात. शब्दशः अर्थ दाताचा वरचा भाग लांब करणे. प्रत्यक्षात दात तेवढाच राहतो. त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाडाचा काठ थोडा कमी करून, आत झाकलेला चांगला दात बाहेर आणला जातो. शेतात रोवलेली मेढ वरून मोडली आणि आपण बुंध्याभोवतीची माती थोडी उकरली, तर मेढ वाढत नाही, पण बांधायला जागा मिळते. तसेच हे आहे. आणि माती फार उकरली तर मेढ हलते, हेही लक्षात असू द्या. त्याकडे पुढे येऊ.

हाडापर्यंत जायची गरज का पडते? कारण हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते, ती त्याला चिकटलेली असते. हाडाच्या काठापासून वर साधारण २ मिलिमीटरचा पट्टा दाताला घट्ट धरून असतो. १९६१ साली गार्गियुलो, वेंट्झ आणि ऑर्बान या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांवर हे अंतर मोजले, तेव्हा सरासरी साधारण एवढीच भरली. माणसामाणसांत आणि दातादातांत ते कमी-जास्त असते. त्या पट्ट्याच्या वर आणखी सुमारे १ मिलिमीटर हिरडी मोकळी असते. ब्रशचे केस तेवढ्याच भागात शिरतात. म्हणजे हाडापासून हिरडीच्या काठापर्यंत सुमारे ३ मिलिमीटर जागा शरीराने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते.

हा पट्टा म्हणजे तोंडातल्या घाणीला हाडापर्यंत जाऊ न देणारा बांध आहे. कॅपची कड या बांधात घुसवली तर तिथे जंतू साचतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही. मग दोनपैकी एक गोष्ट होते. कधी शरीर आपली जागा परत मिळवण्यासाठी हाडच मागे हटवते आणि हिरडी खाली उतरते. कधी हिरडी महिनोन् महिने लाल, सुजलेली आणि रक्त येणारी राहते. औषधाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. कारण खोट हिरडीत नसते, कॅपच्या कडेच्या जागेत असते.

मुठीचे कडे

दुसरे कारण मजबुतीचे आहे. कोयत्याच्या किंवा खुरप्याच्या लाकडी मुठीला तोंडाशी लोखंडी कडे असते. ते नसेल तर जोर पडल्यावर मूठ उभी चिरते. कॅपचेही तसेच आहे. कॅप टिकते ती सिमेंटने चिकटली म्हणून नाही. तिची कड चांगल्या, टणक दाताला चारी बाजूंनी कड्यासारखी धरते म्हणून ती टिकते. त्यासाठी कॅपच्या कडेच्या वर निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा खरा दात लागतो. सिमेंट किंवा भरलेला मसाला त्या मोजणीत धरत नाहीत.

हे कडे मिळाले नाही की काय होते ते अनेकांनी पाहिले असेल. दात बुडापर्यंत तुटलेला असतो. मुळात पिन घालून, वर मसाल्याचा खुंट उभारून, त्यावर कॅप बसवतात. काही महिने बरे जातात. मग एक दिवस भाकरी चावताना कॅप, खुंट आणि पिन सगळे एकदम बाहेर येते. त्याहून वाईट म्हणजे पिन पाचरीसारखी काम करते आणि मूळच उभे चिरते. मूळ उभे चिरले की बहुतेक वेळा दात काढण्यावाचून इलाज राहत नाही. रूट कॅनालचे पैसे गेले, पिनचे गेले, कॅपचे गेले आणि दातही गेला.

आता दोन्ही हिशेब एकत्र करू. शरीराची जागा ३ मिलिमीटर आणि कड्यासाठी दीड ते दोन. म्हणजे हाडाच्या काठापासून तुटलेल्या कडेपर्यंत साडेचार ते पाच मिलिमीटर चांगला दात हवा. यापेक्षा कमी असेल तर तेवढी जागा कुठून तरी आणावी लागते.

एक उदाहरण मोजून पाहू

समजा, श्रीवर्धनकडच्या एका वाडीतली पंचेचाळीस वर्षांची ताई आहे. खालच्या जबड्यातल्या उपदाढेत जुना मसाला भरलेला होता. सुपारी फोडताना मागच्या बाजूचा तुकडा उडाला. गालाकडची भिंत शाबूत आहे, पण मागच्या बाजूला दात थेट हिरडीच्या पातळीला तुटला आहे. रूट कॅनाल झाले आहे. आता कॅप बसेल का?

चांगला डॉक्टर इथे आधी कीड आणि जुना मसाला पूर्ण काढतो. कीड काढल्याशिवाय चांगला दात कुठे संपतो ते कळत नाही. मग छोटा एक्स-रे काढतो, भूल देतो आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीतून हळूच हाडाला टेकेपर्यंत घालतो. ताईच्या दाताच्या मागच्या बाजूला सळई सांगते, हिरडीच्या काठापासून हाड ३ मिलिमीटर खोल आहे. दात नेमका हिरडीच्या काठाशी तुटला आहे, म्हणजे हाडापासून तुटलेल्या कडेपर्यंत ३ मिलिमीटर दात आहे. हवा निदान साडेचार. तूट दीड मिलिमीटरची. तेवढे हाड त्या बाजूला कमी करावे लागेल.

पण एवढ्यावर होकार देऊन चालत नाही. उलटी बाजूही मोजायची. एक्स-रेवर ताईच्या दाताचे १३ मिलिमीटर मूळ हाडात आहे. दात अखंड असता तर हाडाच्या वर १० मिलिमीटर उंच असता, आणि कॅप बसल्यावर तो पुन्हा तेवढाच उंच होणार. दीड मिलिमीटर हाड काढल्यावर हाडात साडेअकरा राहील आणि वर साडेअकरा होईल. जमिनीत जेवढी मेढ तेवढीच वर. ही साधारण शेवटची मर्यादा. त्यामुळे ताईचा दात वाचवण्यासारखा आहे, पण जेमतेम.

आता हाच दात हिरडीच्या आत २ मिलिमीटर खोल तुटला असता तर? मग हाडापर्यंत १ मिलिमीटरच उरला असता आणि साडेतीन मिलिमीटर हाड काढावे लागले असते. हाडात साडेनऊ, वर साडेतेरा. असा दात कॅप बसवली तरी हलायला लागतो. तिथे शस्त्रक्रिया करू नये. तार लावून मूळ काही आठवड्यांत हळूहळू वर ओढता येते. त्या उपायात वरची उंची वाढत नाही, म्हणून ओझे कमी पडते. पण खर्च आणि फेऱ्या वाढतात. ते जमणार नसेल तर दात काढणे हाच प्रामाणिक सल्ला. एकाच दाताला, दोन मिलिमीटरच्या फरकाने, उत्तर उलटे होते. म्हणूनच आम्ही मोजमापाचा आग्रह धरतो.

मोठ्या दाढेला आणखी एक अट असते. तिला दोन-तीन मुळे असतात आणि ती हिरडीखाली थोड्याच अंतरावर एकमेकांपासून फुटतात. हाड काढताना तो फाटा उघडा पडला तर तिथे अन्न अडकते, ब्रश पोचत नाही आणि पुढे दाढ जाते. म्हणून दाढेच्या बाबतीत विचारायचे, "फाटा उघडा पडणार नाही ना?"

शस्त्रक्रियेत काय करतात

हे काम खुर्चीवरच, जागा बधिर करून होते. एका दातासाठी साधारण पाऊण ते एक तास लागतो. हाड दातापासून पुरेसे लांब असेल आणि हिरडीच जास्त वाढलेली असेल, तर नुसती हिरडी कापून भागते. पण हाड जवळ असेल तर नुसती हिरडी कापून उपयोग नाही. ती काही आठवड्यांत पुन्हा पहिल्या जागी वाढते, कारण तिला हाडापासून आपले ३ मिलिमीटर हवेच असतात. हाडाला हात न लावता "फक्त थोडी हिरडी काढू" असे कोणी म्हणाले, तर हाड किती अंतरावर आहे ते जरूर विचारा.

हाड काढायचे असेल तर हिरडीचा पदर बाजूच्या दातांसकट उघडतात. बारीक ड्रिलने, सलाईनचे पाणी सोडत, हाड हळूहळू कमी करतात. पाणी नसेल तर हाड तापून मरते. दाताला अगदी लागून असलेले हाड हाताच्या हत्याराने काढतात, म्हणजे मुळाला ओरखडा पडत नाही. एकाच जागी खड्डा करून चालत नाही. हाडाचा उतार शेजारच्या दातांपर्यंत सारखा करावा लागतो, नाहीतर हिरडी त्या खड्ड्यात पुन्हा भरून येते. म्हणजे शेजारच्या दाताचेही थोडे हाड जाते. ही या उपचाराची किंमत आहे आणि ती आधी सांगितली गेली पाहिजे. शेवटी सगळीकडून पुन्हा मोजतात, पदर नव्या पातळीला ठेवून टाके घालतात.

दोन-तीन दिवस सूज आणि ठणका असतो. सात ते दहा दिवसांनी टाके काढतात. तोवर त्या जागी ब्रश लावायचा नाही, डॉक्टरांनी दिलेल्या औषधी पाण्याने चूळ भरायची. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये आणि गरम खाऊ नये. भातलावणी किंवा डोक्यावर ओझे वाहण्याचे काम असेल तर दोन-तीन दिवस मोकळे ठेवून तारीख घ्या. आणि मशेरी, तंबाखू, विडी पूर्ण बंद. कोकणात मशेरीची सवय घरोघर आहे, म्हणून हे ठासून सांगतो. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, आणि मशेरीचे बोट टाक्यांवर फिरले तर टाके उसवतात.

सर्वांत जास्त चूक होते ती यापुढे. टाके निघाले की लोक म्हणतात, आता लगेच कॅप द्या. मागच्या दातांना साधारण सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. पुढच्या, हसताना दिसणाऱ्या दातांना तीन ते सहा महिने. हिरडी स्थिर होईपर्यंत तिचा काठ वरखाली होत असतो. तोवर तात्पुरती कॅप असते. घाईने माप घेतले तर कड पुन्हा हिरडीच्या आत जाते, किंवा हिरडी उतरून कड उघडी पडते. मग केलेले सगळे वाया.

कोणी करू नये, आणि बिघडले हे कसे ओळखावे

दात आधीच हलत असेल, मूळ उभे चिरले असेल किंवा पायरियाने हाड अगोदरच गेले असेल, तर ही शस्त्रक्रिया नको. साखर आटोक्यात नसेल तर आधी साखर. रक्त पातळ होण्याची गोळी, हृदयाचा त्रास, हाडे ठिसूळ होण्यावरची इंजेक्शने, यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

शस्त्रक्रियेनंतर मूळ थोडे उघडे पडते. रूट कॅनाल न झालेल्या शेजारच्या दाताला काही दिवस गार-गरम झोंबते. दातांमधल्या फटी थोड्या मोठ्या होतात. एवढे अपेक्षित आहे. पण कॅप बसून दोन-तीन महिने झाले, बाकी तोंड स्वच्छ आहे, आणि फक्त त्याच एका दाताची हिरडी लाल-जांभळी, फुगलेली, ब्रश लावताच रक्त येणारी असेल, तर नुसती गोळी घेऊन परतू नका. एक्स-रे काढायला सांगा. कडेला सिमेंट उरले असेल तर ते साफ करून काम होते. पण कॅपची कड हाडाच्या दोन मिलिमीटरच्या आत आलेली असेल, तर कॅप काढून आधी जागा करावी लागते.

बिनपदवीच्या माणसाकडून बसवलेल्या "फिक्स" दातांचा प्रकार याहून वाईट. हिरडीवरच प्लास्टिकचा मसाला ओतून शेजारच्या दातांना चिकटवतात. तिथे ना मोजमाप, ना कड. हिरडी त्याखाली कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात. स्वस्तातला हा सौदा शेवटी तीन-चार दातांना पडतो.

कुठे जावे, आणि आम्ही काय म्हणतो

हे काम हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट करतात. खाजगी दवाखान्यात खर्च परवडत नसेल तर दंत महाविद्यालयाचा विचार करा. आपल्या जिल्ह्यात कामोठ्याला एम.जी.एम. आणि खारघरला वाय.एम.टी. ही दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत सी.एस.एम.टी.जवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होते. वेळ जास्त लागतो, पण मोजमाप सहसा टाळले जात नाही. अलिबाग-मुरूडकडून जाणाऱ्यांनी फेऱ्या आधीच मोजाव्यात. तपासणी, शस्त्रक्रिया, टाके काढणे, एकदा पाहणी, कॅपचे माप आणि कॅप बसवणे, अशा निदान सहा. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या बोटी बंद असतात, त्यामुळे टाके काढायची तारीख अडणार नाही असे बघा. सहा दिवसांची मजुरी आणि भाडे हाही या उपचाराचा खर्चच आहे. तो धरून सुद्धा दात वाचवणे परवडते का, हे ठरवायचा हक्क आपला आहे. नाही परवडत म्हणून दात काढला तर त्यात लाज नाही. पण ते ठरवणे आपले हवे. दुसरा उपाय कोणी सांगितलाच नाही म्हणून काढला, असे होऊ नये.

आमची एक सूचना मंडळांना आहे. विहारात किंवा वस्तीत दंत तपासणी शिबिर घ्याल तेव्हा "किती दात काढले" एवढाच आकडा मोजू नका. तुटलेला दात दिसला की तो काढण्याआधी एक्स-रेसाठी कुठे पाठवायचे, त्याची चिठ्ठी शिबिरातच मिळेल अशी व्यवस्था आयोजक डॉक्टरांकडे मागा.

आणि खुर्चीवर बसल्यावर प्रत्येकाने चार प्रश्न विचारावेत. हाडापासून तुटलेल्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दात उरला आहे? कॅपला चारी बाजूंनी धरायला किती मिळेल? हाड काढल्यावर मूळ हाडात किती राहील? आणि कॅप कधी बसवणार? ज्या डॉक्टरांनी मोजले आहे, त्यांना ही उत्तरे द्यायला दोन मिनिटे लागतात. ज्यांनी मोजले नाही, त्यांच्याकडे त्या दिवशी दात काढूही नका आणि कॅपही बसवू नका.